फोटोतला तंबू, डोंगरातला पाऊस

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भाचीने मला सहा फोटो पाठवले. तीन एका सॅकचे, तीन एका तंबूचे. कुणीतरी घर बदलताना दोन्ही वस्तू एकत्र विकायला काढल्या होत्या. खाली विकणाऱ्याच्या दोन ओळी होत्या: ‘७० लिटरची ट्रेकिंग सॅक, वॉटरप्रूफ. चार जणांचा टेंट, वॉटरप्रूफ, सर्व ऋतूंसाठी.’ आणि त्याखाली तिचा प्रश्न: ‘मामा, बघ ना, घेऊ का? जूनच्या पहिल्या शनिवारी आम्ही चौघं भंडारदऱ्याला काजवे बघायला जातोय. आणि ऑक्टोबरात मला हिमालयातला ट्रेक करायचाय.’

तिचा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण तिने वस्तूबरोबर जागा आणि महिनाही सांगितला होता. ‘तंबू चांगला आहे का’ या प्रश्नाला उत्तर नसतं. ‘हा तंबू जूनच्या पहिल्या आठवड्यात, चार माणसं आणि चार सॅक घेऊन, भंडारदऱ्याच्या माळावर चालेल का’ याला मात्र उत्तर असतं, आणि ते बऱ्याच प्रमाणात फोटोतूनच मिळतं.

फोटोकडे बघताना मी तीन गोष्टी वेगळ्या ठेवतो. सॅकमध्ये किती मावेल आणि तंबूत किती माणसं झोपतील, हे फोटोतून जवळजवळ मोजता येतं. वारा-पाऊस किती सोसेल, हे बांधणीवरून ताडता येतं. कापडाचा लेप अजून शाबूत आहे का, हे मात्र दुरून घेतलेल्या फोटोत दिसत नाही. त्यासाठी वेगळे फोटो मागावे लागतात.

नाव वाचायचं, पण त्यावर थांबायचं नाही

सॅकच्या पहिल्या फोटोत मोठं, ठसठशीत चिन्ह होतं. लोक पहिल्यांदा तेच बघतात. पण चिन्ह शिवणं सगळ्यांत सोपं असतं. काठमांडूच्या ठमेल भागात नामांकित कंपन्यांच्या चिन्हांच्या नकली सॅक उघड विकल्या जातात आणि तिथून त्या आपल्याकडेही येतात. म्हणून मी चिन्हापेक्षा बक्कल बघतो. चांगल्या सॅकच्या बक्कलावर बहुधा ते बनवणाऱ्या कंपनीचं नाव प्लॅस्टिकमध्येच उमटवलेलं असतं: ड्युराफ्लेक्स, वूजिन, वायकेके अशी. कोऱ्या बक्कलामुळे सॅक नकली ठरत नाही, पण महाग नावाच्या सॅकवर कोरं बक्कल दिसलं की सावध व्हावं.

नेमकं मॉडेल कळायला आतली पट्टी लागते. सॅकमध्ये ती पाठीच्या बाजूला, आतल्या शिवणीत किंवा वरच्या झाकणाच्या खिशात असते. तंबूची पट्टी आतल्या एखाद्या शिवणीत किंवा गुंडाळून ठेवायच्या पिशवीत सापडते. तिच्यावर मॉडेलचं नाव असतं आणि सॅकच्या नावात बहुतेक वेळा लिटरचा आकडाही असतो. ड्यूटर या जर्मन कंपनीच्या काही सॅकवर ‘५५+१०’ असं लिहिलेलं असतं. मूळ सॅक ५५ लिटरची, आणि झाकणाखालची कापडी मान वर ओढली की आणखी १०. विकणारा याच सॅकला सरळ ‘६५ लिटर’ म्हणेल. त्यात खोटं काही नाही, पण मान वर ओढून भरलेली सॅक उंच होते, डोक्यामागे डुलते, आणि चढाला त्रास देते.

भाचीच्या सॅकला पट्टीच नव्हती, कापून टाकलेली होती. म्हणजे ‘७० लिटर’ या दाव्याला विकणाऱ्याच्या शब्दाशिवाय आधार नव्हता. मग मोजायला बसलो.

बाटलीच्या मापाने सॅक

दुसऱ्या फोटोत सॅकच्या बाजूच्या जाळीत पाण्याची एक लिटरची बाटली खोचलेली होती. फोटोत माप शोधायचं म्हणजे अशी एखादी वस्तू शोधायची, जी आपल्या घरातही आहे. मी घरातली तशीच बाटली फूटपट्टीने मोजली, २७ सेंटिमीटर भरली. मग लॅपटॉपच्या पडद्यावर फोटो मोठा करून फूटपट्टी लावली. पडद्यावर बाटली साडेचार सेंटिमीटर, आणि सॅकचा मुख्य भाग, म्हणजे बुडापासून झाकणाच्या खालच्या कडेपर्यंत, १० सेंटिमीटर. २७ ला साडेचारने भागलं की ६. म्हणजे पडद्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खरा ६ सेंटिमीटर. सॅकची उंची ६० आली. रुंदी पडद्यावर ५, म्हणजे खरी ३०. तिसरा फोटो बाजूने काढलेला होता आणि त्यातही तीच बाटली होती. त्याच रीतीने खोली २१ आली.

६० गुणिले ३० गुणिले २१ म्हणजे ३७,८०० घन सेंटिमीटर. एक हजार घन सेंटिमीटरचा एक लिटर, म्हणून ३७.८ लिटर. पण सॅक काही खोक्यासारखी चौकोनी नसते, तिचा आडवा छेद लंबगोल असतो. चौकोनी डब्यात गोल वाटी ठेवली की चार कोपरे रिकामे राहतात, तसे इथेही राहतात. म्हणून आलेल्या आकड्याचे साधारण ८० टक्के धरायचे. मुख्य कप्पा ३० लिटरचा ठरला. झाकणाचा खिसा आणि पुढचा-बाजूचे खिसे मिळून आठेक लिटर. झाकणाखालची मान वर ओढली तर आणखी सात. म्हणजे सगळं ठासून भरलं तरी ४५ लिटर. दावा होता ७० चा.

या पद्धतीत चार-पाच लिटरची चूक होऊ शकते, पंचवीसची नाही. चूक होते ती बहुधा फोटोच्या कोनामुळे. उभ्या माणसाने खाली जमिनीवरच्या सॅकचा फोटो काढला की वरचा भाग फुगतो आणि बूड आक्रसतं. मोबाईल अगदी जवळ नेला तर पुढे असलेली वस्तू मोठी दिसते. म्हणून बाटली सॅकला चिकटून असावी, मोबाईल सॅकच्या मध्याच्या उंचीवर धरलेला असावा, आणि फोटो चार-पाच पावलं मागे जाऊन काढलेला असावा. सॅक भरलेलीही हवी. रिकाम्या सॅकची खोली कळत नाही. विकणाऱ्याला दोन उशा आणि एक चादर कोंबायला सांगितलं की काम होतं.

कंपन्या स्वतः कशा मोजतात? त्यासाठी ASTM F2153 नावाची एक अमेरिकन चाचणी-पद्धत आहे. सॅक २० मिलिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या गोळ्यांनी भरायची आणि त्या गोळ्यांचं आकारमान मोजायचं. सगळ्या कंपन्या ही पद्धत वापरतातच असं नाही. त्यामुळे दोन कंपन्यांच्या ‘६० लिटर’मध्ये एखाद्या स्वेटरइतका फरक असणं स्वाभाविक आहे. पट्टीच नसलेल्या सॅकचा फरक मात्र अख्ख्या छोट्या सॅकएवढा निघाला.

लिटर पाठीवर येतात तेव्हा

मावण्याइतकंच महत्त्वाचं असतं ते पेलणं, आणि तेही फोटोत दिसतं. मोठ्या सॅकचं बरंचसं वजन खांद्यांवर नाही, कमरेवर यायला हवं. म्हणून कंबरपट्टा बघायचा. तो तळहाताएवढा रुंद आणि गादीसारखा जाड असून कमरेच्या हाडावरून पुढे येत असेल, तर तो वजन घेतो. नुसती दोन बोटं रुंदीची नायलॉनची पट्टी असेल, तर ती सॅक हलू नये एवढंच काम करते, वजन सगळं खांद्यांवर राहतं. दुसरी खूण खांद्याच्या पट्ट्यांच्या वर असते. तिथून एक छोटी पट्टी तिरकी वर जाऊन सॅकच्या सांगाड्याला मिळते. ती ओढली की सॅकचा वरचा भाग पाठीकडे येतो. ही पट्टी मोठ्या सॅकमध्ये हवीच. तिसरी खूण बाजूच्या फोटोत दिसते. भरलेली सॅक उभी केली की पाठीची बाजू ताठ राहते, की मधेच गुडघ्यासारखी वाकते? वाकत असेल तर आत पट्टी किंवा तार नाही, नुसता फोम आहे.

भाचीच्या सॅकला जाड कंबरपट्टा होता, वरची तिरकी पट्टी होती, पाठ ताठ होती. म्हणजे ७० लिटरची नसली, तरी ४५ लिटरची सॅक म्हणून ती चांगली होती. १०-१२ किलो नीट पेलेल. सह्याद्रीतल्या एक-दोन मुक्कामांना तेवढी पुरे. ऑक्टोबरातल्या हिमालयासाठी, जाड जाकीट आणि थंडीचे कपडे घ्यायचे तर मी ५५ ते ६० लिटर धरतो. स्लीपिंग बॅग तिथेच मिळणार असेल तर ४५ मध्ये जमवता येईल, पण कसरत करत.

राहिला ‘वॉटरप्रूफ’ शब्द. सॅकच्या कापडाला आतून लेप असतो, त्यामुळे कापड पाणी अडवतं. पण प्रत्येक टाका म्हणजे एक भोक आणि प्रत्येक चेन म्हणजे एक फट. आपल्या पावसात तासभर चाललं की पाणी तिथूनच आत येतं. तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या आणि शिवणीऐवजी जोड उष्णतेने चिकटवलेल्या सॅक खरोखर पाणी अडवतात, त्या फोटोत लगेच ओळखू येतात, कारण त्यांच्या जोडांवर दोरा दिसतच नाही. इतर सगळ्यांना रेनकव्हर लागतं. ते बुडाजवळच्या एका चपट्या खिशात असतं, फोटोत त्या खिशाची चेन शोधायची. पण रेनकव्हर पाठीची बाजू झाकत नाही आणि मानेवरून ओघळणारं पाणी तिथूनच सॅकमध्ये झिरपतं. म्हणून पावसाळ्यात ट्रेकला जाणारे लोक आधी सॅकमध्ये एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालतात आणि सामान तिच्यात भरतात. सॅक भिजते, कपडे कोरडे राहतात.

फरशा मोजून तंबू

तंबू विकणाऱ्याने आपल्या हॉलमध्ये उभा करून फोटो काढला होता आणि त्यामुळे माझं काम सोपं झालं. हॉलमध्ये दोन फुटी फरशी होती. या फरशा ६० सेंटिमीटर चौरस असतात. तंबूच्या एका कडेखाली तीन पूर्ण फरशा आणि चौथीचा तिसरा भाग जात होता, म्हणजे २०० सेंटिमीटर. दुसरी कडही तेवढीच. बाटलीच्या मापात फोटोचा कोन आड येतो, फरशीत येत नाही. लांबची फरशी लहान दिसली तरी ती ६० सेंटिमीटरचीच असते, आपल्याला फक्त मोजायच्या असतात.

दोन मीटर बाय दोन मीटर. अशा घुमटाकार तंबूवर बाजारात बहुधा ‘चार जणांसाठी’ असंच लिहिलेलं असतं. चार माणसांना प्रत्येकी ५० सेंटिमीटर, म्हणजे साध्या फोमच्या मॅटची रुंदी. हिशेब कागदावर बरोबर आहे, पण तो माणसं एका कुशीवर झोपतील, रात्रभर वळणार नाहीत आणि सॅक बाहेर ठेवतील, असं धरून केलेला आहे. मी माणशी ६० सेंटिमीटर धरतो आणि आतच सॅक ठेवायच्या असतील तर दोन सॅकमागे एका माणसाची जागा कमी करतो. या हिशेबाने हा तंबू तीन माणसांचा, आणि पावसात सॅक आत घेतल्या तर दोन माणसांचा.

लांबीचाही प्रश्न असतो. जमिनीवर २०० सेंटिमीटर असले तरी घुमटाच्या भिंती लगेच आत झुकतात. पाय आणि डोकं जमिनीपासून वीतभर वर असतात आणि तिथे लांबी २०० राहत नाही. पावणेसहा फुटी माणसाच्या स्लीपिंग बॅगची टोकं दोन्हीकडे कापडाला टेकतात. रात्री श्वासातली वाफ कापडावर आतून दवासारखी जमते. डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर पहाटे जाग येते ती पायाकडची बॅग ओली लागल्यामुळे. पाऊस पडलेला नसतो आणि माणूस समजतो की तंबू गळतोय.

टोपी की झगा

पावसासाठी फोटोत मी सगळ्यांत आधी एकच गोष्ट बघतो: तंबूला नुसती टोपी आहे, की झगा?

चांगल्या तंबूला दोन थर असतात. आतला इनर, ज्यात आपण झोपतो, आणि त्यावर बाहेरून टाकायचा आऊटर. आऊटर जमिनीपासून वीतभर अंतरापर्यंत खाली येतो, चारही बाजूंनी. दोन्ही थरांमध्ये हवा खेळते. पाऊस आऊटरवर पडून ओघळतो, श्वासाची वाफ आऊटरच्या आतल्या बाजूला जमते आणि तिथूनच खाली जाते, आपल्यावर पडत नाही. स्वस्त घुमटांना हा झगा नसतो. तंबूचं माथं जाळीचं असतं आणि त्यावर छत्रीएवढी टोपी चढवलेली असते. भिंती एकाच थराच्या.

ओळखायची खूण सोपी आहे. बाहेरून काढलेल्या फोटोत आत शिरायच्या दाराची चेन सरळ दिसत असेल आणि त्या दारापुढे दुसरं कापड नसेल, तर तो टोपीवाला तंबू. झगा असलेल्या तंबूत आधी आऊटरचं दार उघडावं लागतं, मग इनरचं. या दोन दारांच्या मधे ओसरीसारखी जागा राहते, जिथे चिखलाचे बूट आणि सॅक ठेवता येतात. टोपीवाल्यांमध्ये बहुधा टोपीचा रंग वेगळा असतो, तोही फोटोत उठून दिसतो.

भाचीच्या फोटोत निळ्या तंबूवर पिवळी टोपी होती आणि दाराची चेन उघडी. सरळ पडणाऱ्या सरीला ही टोपी चालते. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात, मॉन्सून स्थिरावायच्या आधी, भंडारदऱ्याच्या परिसरात जो पाऊस येतो तो वाऱ्याबरोबर आडवा येतो. तो टोपीच्या खालून जाळीत शिरतो आणि दाराच्या चेनमधून गाळल्यासारखा आत येतो.

दुसरं बघायचं ते बूड. चांगल्या तंबूच्या तळाचं जाड कापड कडेला वीतभर वर वळवलेलं असतं, परातीच्या कडेसारखं, आणि भिंतीशी त्याचा जोड जमिनीपासून वर असतो. स्वस्त तंबूत हा जोड जमिनीलाच असतो. एकदा फोटो बघून मी एक तंबू भाड्याने आणला होता, छत बघितलं, तळ बघितला नाही. रात्री छतातून एक थेंबही आला नाही. पाणी जमिनीवरून वाहत आलं आणि तळाच्या जोडातून आत शिरलं. पहाटे आम्ही दोघं मॅटवर उकिडवे बसून होतो. तेव्हापासून मी कोपऱ्याचा जवळून काढलेला फोटो मागितल्याशिवाय राहत नाही.

काड्या किती, आणि एकमेकींना कुठे भेटतात

वाऱ्यासाठी पोल मोजायचे, आणि ते एकमेकांना किती ठिकाणी छेदतात तेही मोजायचं. भाचीच्या तंबूला दोन पोल होते आणि ते माथ्यावर एकाच ठिकाणी छेदत होते. अशा घुमटाच्या चारही भिंतींचा मोठा भाग आधाराविना असतो. वारा त्या भिंतीला पोटात ढकलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. त्यामुळे संध्याकाळी मजेत उभा असलेला तंबू रात्री अचानक झोपतो.

पोल जास्त ठिकाणी छेदले की कापडाचे छोटे छोटे त्रिकोण होतात, आणि त्रिकोण सहज वाकत नाही. बकमिन्स्टर फुलर या अमेरिकन रचनाकाराच्या घुमटांमागे हेच तत्त्व होतं. त्यावरून १९७५ साली ‘द नॉर्थ फेस’ने ओव्हल इन्टेन्शन नावाचा तंबू बाजारात आणला. हिमालयातल्या उंच तळांवर दिसणारे आजचे अनेक पोलांचे घुमट त्याच वंशातले. फोटोत चार-पाच ठिकाणी छेदणारे पोल दिसले की तो तंबू बर्फ-वाऱ्यासाठी केलेला आहे असं समजावं. तो वजनाने जास्त असतो, जाळी कमी असल्याने एप्रिलच्या सह्याद्रीत आत घुसमटतं. आपल्याकडच्या बहुतेक मुक्कामांना तीन पोलांचा, दोन-तीन ठिकाणी छेदणारा तंबू पुरतो.

पोल कशाचे आहेत तेही दिसतं. फायबरचा पोल बोटासारखा जाड, काळा किंवा करडा असतो आणि प्रत्येक जोडावर बाहेरून धातूची नळी असते. फोटोत ती चंदेरी कड्यांसारखी चमकते. ॲल्युमिनियमचा पोल बारीक, रंगवलेला आणि सलग वळणाचा दिसतो. ॲल्युमिनियम वाकतं, नळी चढवून डोंगरात सरळ करता येतं. फायबर उभं चिरतं, आणि चिरलेलं टोक कापड फाडत बाहेर येतं.

मग दोऱ्या. भिंतीच्या मध्यावर शिवलेल्या कड्या आणि त्यांना बांधलेल्या दोऱ्या फोटोत दिसतात का? खालच्या कोपऱ्यांच्या खुंट्या तंबू जागेवर ठेवतात, वाऱ्याशी झुंजतात त्या या मधल्या दोऱ्या. सह्याद्रीत आणखी एक अडचण येते. कातळावर खुंटी शिरत नाही. बोगद्यासारखे लांबट, समांतर कमानींचे तंबू युरोपात वाऱ्यासाठी नावाजलेले आहेत, पण ते खुंट्यांच्या ताणावरच उभे राहतात. कोकणकड्याच्या उघड्या कातळावर त्यांना उभं करणं जिकिरीचं होतं. आपल्याला पोलांच्या बळावर आपला आपण उभा राहणारा घुमट हवा, आणि दोऱ्या बांधायला दगड.

इथेच ‘सर्व ऋतूंसाठी’ या शब्दांचा घोळ लक्षात येतो. पाश्चात्त्य कंपन्या ‘थ्री-सीझन’ म्हणतात तेव्हा त्यांचे तीन ऋतू म्हणजे वसंत, उन्हाळा आणि पानगळीचा काळ. चौथा म्हणजे बर्फाचा हिवाळा. या मोजणीत आपला पावसाळा बसतच नाही. आपला हिवाळा त्यांच्या ‘थ्री-सीझन’ तंबूत आरामात निघतो, पण आषाढातली घाटमाथ्यावरची रात्र त्यांच्या कुठल्याच खान्यात नाही. म्हणून पिशवीवरचं ऋतूचं नाव बाजूला ठेवायचं आणि झगा, बूड, पोल आणि दोऱ्या बघायच्या.

फोटोत न दिसणारं

इतकं बघून झाल्यावरही एक मोठी गोष्ट उरते, ती म्हणजे कापडाचा लेप. कापडाची जलरोधकता मिलिमीटरमध्ये सांगतात. ‘२००० मिमी’ म्हणजे त्या कापडावर दोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी पार होत नाही. हा आकडा नव्या कापडाचा असतो. तंबू ओला गुंडाळून माळ्यावर ठेवला, आणि आपल्या दमट हवेत दोन-तीन पावसाळे गेले, की लेप कुजतो. आधी चिकट होतो, मग पांढरे पापुद्रे सुटतात, आंबट वास येतो. शिवणींवर आतून लावलेली पारदर्शक पट्टी जुन्या सेलोटेपसारखी उचलते.

म्हणून मी भाचीला विकणाऱ्याकडून आणखी चार फोटो मागायला सांगितले. टोपी उलटी करून आतली बाजू, उन्हात. त्याच टोपीतली एक शिवण, अगदी जवळून. तळाचा एक कोपरा. आणि पोलांचे जोड, पोल वाकवलेला असताना. बाहेरून तंबू धुऊन-पुसून नवा करता येतो, आतली बाजू लपत नाही. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच.

विकणारा सज्जन होता, त्याने संध्याकाळपर्यंत चारही फोटो पाठवले. टोपीचा लेप ठीक होता. शिवणीवर मात्र पट्टीच नव्हती, नुसते टाके. उन्हासमोर धरलेल्या टोपीत ते टाके ओळीने चमकत होते, आणि जिथून ऊन येतं तिथून पाणीही येतं. एका पोलच्या जोडापाशी उभी, केसासारखी चीर होती.

मी तिला लिहिलं: ‘सॅक घे, पण ४५ लिटरच्या किमतीला. त्याला मोजणी दाखव. तंबू दोघांचा आहे, कोरड्या हिवाळ्यासाठी आहे, आणि एक पोल बदलावा लागेल. जूनमध्ये भंडारदऱ्याला तो नेऊ नका.’ तिने बाटलीचा हिशेब विकणाऱ्याला पाठवला, त्याने किंमत उतरवली. ७० हा आकडा त्यालाही दुकानदारानेच सांगितलेला होता, त्याने कधी मोजून बघितलं नव्हतं.

काजव्यांच्या रात्री चौघं गावातल्या एका घराच्या ओसरीवर झोपले. रात्री दोनच्या सुमाराला वीज गेली आणि आडवा पाऊस आला. सकाळी तिने मला समोरच्या माळाचा फोटो पाठवला. त्यात कुणाचे तरी तीन तंबू आडवे पडले होते आणि एक उभा होता. खाली तिने लिहिलं होतं: ‘मामा, उभा आहे त्याचा आऊटर जमिनीपर्यंत आहे. पोल तीन. मधल्या दोऱ्या दगडांना बांधल्यात.’

मी फोटो मोठा करून बघितला. तिने बरोबर मोजले होते.